काठी न उचलता कालवडी खोड्यात कशा घालायच्या

लाळ्या-खुरकूतच्या लसीचा राउंड आला की मुक्त गोठावाल्यांची तारांबळ ठरलेली असते. डॉक्टर दारात उभे, लसीची बर्फाची पेटी सावली शोधतेय आणि कालवडी काही केल्या खोड्याकडे, म्हणजे जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीकडे, जायला तयार नाहीत. मग दोघं मागून काठ्या घेऊन, एक पोरगा शेपटी पिरगाळायला, घरातली उरलेली माणसं दोन्ही बाजूला हात पसरून, आणि सगळे एकदम हॅ हॅ करून ओरडायला लागतात. कालवडी कोपऱ्यात जाऊन गच्च होतात, मग त्यातली एक उसळी मारून माणसांच्या मधून निघते आणि तिच्या मागे सगळ्या. कोणाचा तरी पाय तुडवला जातो, कोणाची बरगडी गेटावर आपटते, आणि संध्याकाळी दूधही कमी निघतं.

दावणीच्या गोठ्यात हा प्रश्न फारसा नव्हता, कारण गाय दाव्याला असायची, जिथं उभी तिथंच टोचलं की झालं. मुक्त गोठ्यात वाढलेल्या कालवडीला तोंडाला बांधायची म्होरकी माहीत नसते, रोज अंगाला हात लागलेला नसतो, माणूस तिच्यासाठी चारा टाकून निघून जाणारा प्राणी असतो. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची एकदा, वर कानाचा बिल्ला, कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, म्हणजे ह्या मोकळ्या जनावराला पकडायची वेळ वारंवार येते. आणि आपण अजून दावणीच्या काळातलीच पद्धत वापरतो, मागून हाणा आणि पुढून ओढा.

ह्याच्यावर उपाय आहे आणि तो कुठल्या मशीनचा नाही. आपण कुठं उभं राहायचं आणि कधी मागं सरायचं, एवढ्यावर सगळा खेळ आहे. अमेरिकेत बड विल्यम्स नावाच्या गुराख्याने रानातले मोठाले कळप असे आरडाओरड न करता चालवून दाखवले आणि आयुष्यभर लोकांना शिकवलं. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन यांनी त्यामागचं जनावराचं वागणं नीट मांडलं आणि त्यावरून गुरांच्या वाड्यांची आणि त्यांना एकेक करून नेणाऱ्या अरुंद गल्ल्यांची डिझाइन्स केली. त्यांचे कळप शेकड्यांचे, आपले पंधरा-वीसचे, पण गाईचं डोकं तिकडे आणि इकडे सारखंच चालतं.

गाईला काय दिसतं, काय ऐकू येतं

गाय हा शिकार होणारा प्राणी आहे हे लक्षात ठेवलं की बाकी बरंच आपोआप कळतं. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता तिला भोवतालचं तीनशे अंशांहून जास्त दिसतं. फक्त बरोब्बर शेपटीच्या मागची एक पट्टी तिला दिसत नाही. आणि आपण नेमके तिथंच जाऊन उभे राहतो!

मागे काहीतरी आहे हे तिला आवाजावरून, वासावरून कळतं पण दिसत नाही. मग ती काय करते तर वळून बघते. वळली की तोंड आपल्याकडे आलं, म्हणजे जिकडे पाठवायची त्याच्या बरोबर उलटं. आपल्याला वाटतं गाय हट्टी आहे, ती बिचारी फक्त बघत असते कोण आहे ते. नाही वळली तर दुसरा पर्याय लाथ. घोडा सरळ मागे झाडतो, गाईचा मागचा पाय पुढून बाजूला गोल फिरून मागे येतो, त्यामुळे मांडीच्या बाजूला उभा असलेला माणूसही त्यात सापडतो.

दुसरं म्हणजे दोन्ही डोळ्यांनी मिळून तिला समोरची फक्त एक अरुंद पट्टी दिसते, आणि खोली-उंचीचा अंदाज तिथंच काय तो येतो. म्हणून जमिनीवरची गटाराची जाळी, सिमेंट आणि मातीची सीमारेषा, पत्र्याची सावली, डबक्यातली चमक, हे तिला खड्डा आहे की नाही ते पटकन कळत नाही. ती थांबते, मान खाली घालते, हुंगते. तेवढा वेळ दिला तर ती ओलांडते, आणि त्याच क्षणी मागून फटका बसला तर त्या जागेची भीती कायमची बसते.

कानाचंही तसंच. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, गाईला साधारण 35,000 पर्यंत. म्हणजे शिटी, गेटाच्या लोखंडाचा खणखणाट, पोरांच्या किंचाळ्या ह्या आपल्यापेक्षा तिला जास्त बोचतात. हळू आवाजात बोलत राहिलात तर चालतं, उलट बरंच आहे, आपण कुठं आहोत ते तिला कळत राहतं.

बुजायचं अंतर

इंग्रजीत ह्याला फ्लाइट झोन म्हणतात, आपण बुजायचं अंतर म्हणू. जनावराच्या भोवती एक न दिसणारं रिंगण असतं. तुम्ही रिंगणाच्या बाहेर आहात तोवर ते तुमच्याकडे तोंड करून नुसतं बघतं, रिंगणात पाऊल टाकलंत की वळून लांब जातं. एटीएमच्या रांगेत मागचा माणूस फारच जवळ आला की आपण नकळत अर्धं पाऊल पुढं सरकतो ना, भांडत नाही, पळत नाही, नुसते सरकतो, अगदी तेच. ही कल्पना मुळात स्विस प्राणीशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांची.

हे रिंगण सगळ्यांचं सारखं नसतं. डोंगरात मोकळ्या चरणाऱ्या, माणूस क्वचित बघणाऱ्या गुरांचं 30 मीटर किंवा त्याहून जास्त असू शकतं. रोज माणसं बघणाऱ्या पण हाताळल्या न गेलेल्या जनावरांचं दीड ते सात-आठ मीटर. आणि घरची लाडावलेली गाय, जिच्या गळ्याखाली तुम्ही रोज खाजवता, तिचं शून्य. खिलार जात मुळातच चपळ आणि सावध, त्यामुळे त्यांचं रिंगण बहुतेक वेळा संकरित होल्स्टिनपेक्षा मोठं मिळेल. शिवाय एकाच जनावराचं रिंगण रोजही बदलतं, घाबरलेली असली की मोठं होतं, तुम्ही समोरून गेलात तर मोठं असतं, बाजूने दमानं गेलात तर लहान.

मोजायला टेप लागत नाही. कालवडीकडे तिरकं, रमतगमत चालत जायचं, नजर तिच्यावर रोखून नाही तर थोडी बाजूला. एका ठिकाणी ती रवंथ थांबवेल, मान वर करेल, कान टवकारेल. ही पहिली सीमा, म्हणजे तिने तुमची दखल घेतली. अजून दोन-तीन पावलं टाका, ती वजन मागच्या पायांवर घेईल आणि वळेल. ही बुजायची सीमा. सगळं काम ह्या दुसऱ्या सीमेच्या काठावर चालतं, एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर. खोल आत घुसलात तर ती चालणार नाही, उधळेल. आणि कोपऱ्यात असेल, पळायला जागा नसेल, तर तुमच्या अंगावरून जाईल, कारण तिच्या हिशोबाने दुसरी वाटच राहिली नाही. गोठ्यात माणसं तुडवली जाण्याचं एक मोठं कारण हेच आहे, गाय मारकी असते म्हणून नाही.

खांद्याची रेघ

आता रिंगणाच्या काठावर कुठं उभं राहायचं. गाईच्या खांद्यातून एक आडवी रेघ गेली आहे असं समजा. तुम्ही त्या रेघेच्या मागे असाल आणि रिंगणात पाऊल टाकलंत तर ती पुढे जाते. रेघेच्या पुढे, म्हणजे मानेच्या-डोक्याच्या बाजूला असाल तर ती मागे सरते किंवा वळते. संपलं, एवढाच नियम.

तरी जवळजवळ प्रत्येक गोठ्यात हा नियम मोडला जातो, तो असा. माणूस गाईच्या डोक्याशी उभा राहून एका हाताने तिच्या ढुंगणावर काठी मारतो. शरीर सांगतंय मागे जा, काठी सांगतेय पुढे जा. गाय जागेवर गरगरते आणि मार खाते. ह्यात गाईची चूक शून्य.

पुढे न्यायची असेल तर सर्वात चांगली जागा म्हणजे खांद्याच्या मागे, बाजूला, अशा तिरक्या कोनात की तिला तुम्ही एका डोळ्याने दिसत राहाल. साधारण कमरेच्या हाडाच्या रेषेत, पण लांब, रिंगणाच्या काठावर. थेट शेपटीमागे नाही.

आणि एक गंमत, जी पहिल्यांदा ऐकल्यावर कोणालाच खरी वाटत नाही. गाई गल्लीत एकामागे एक अशा रांगेत उभ्या असतील तर त्यांना पुढे सरकवायला तुम्ही बाहेरून त्यांच्या उलट दिशेने चालायचं. त्यांची तोंडं पूर्वेला, तर तुम्ही पुढच्या टोकापासून पश्चिमेकडे चालत या, गल्लीला खेटून. प्रत्येकीच्या खांद्याची रेघ तुम्ही ओलांडलीत की ती एक पाऊल पुढे टाकते, एकेक करत सगळी रांग सरकते. परत पुढे जाताना मात्र लांबून, रिंगणाच्या बाहेरून जायचं, नाहीतर त्याच गाई मागे सरकतील.

दाब सोडणं हेच बक्षीस

लोकांना जवळ जाण्याचा भाग पटकन जमतो. गाय हलली की मागं सरायचा भाग जमत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो.

तुम्ही रिंगणात पाय टाकलात, ती हव्या त्या दिशेला वळली. आता थांबा. एक पाऊल मागे या किंवा नुसते जागेवर उभे राहा. तिला कळतं की ह्या बाजूला गेलं की त्रास थांबतो. पुन्हा रेंगाळली की पुन्हा पाऊल आत. चार-सहा वेळा असं झालं की ती हलक्या इशाऱ्यावर चालायला लागते. उलट ती चालत असतानाही तुम्ही मागे लागलात, ओरडत राहिलात, तर तिला चालण्याचा काहीच फायदा दिसत नाही, मग ती एक तर पळते नाहीतर ऐकणं सोडून देते. दुसऱ्या प्रकारच्या गाई आपण ‘निगरगट्ट’ म्हणतो, त्या आपणच बनवलेल्या असतात.

कळपाची ओढ

एकटी गाय म्हणजे तिच्या दृष्टीने मरणाच्या दारातली गाय. म्हणून सगळी एकत्र राहतात, एक चालली की दुसरी मागे जाते, आणि कळपाला कुठूनतरी सौम्य धोका जाणवला की त्या एकमेकींच्या जवळ सरकतात. ह्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एकेकीच्या मागे पळायची गरजच नाही, पुढची दोघी-तिघी योग्य दिशेला निघाल्या की बाकीच्यांना तो रस्ता वाटतो. आपले जुने गुराखी म्होरक्या गाईच्या गळ्यात घाटी बांधत ते काही उगाच नाही.

पण हीच ओढ उलटीही फिरते. कळपातून एकटी काढलेली, किंवा सगळ्या गेल्यावर मागे राहिलेली शेवटची कालवड ही गोठ्यातली सर्वात धोकादायक असते. साडेचार फुटाच्या गेटावरून उडी मारतील, तारेत घुसतील, माणूस दिसणार नाही त्यांना. तिच्याशी एकट्याने झटापट करायची नाही. लस झालेल्यांपैकी दोघी परत तिच्याजवळ आणा आणि तिघींना एकत्र हलवा. दोन मिनिटं जास्त जातात, पण गेट मोडत नाही.

आता प्रत्यक्ष: पंधरा कालवडी, एक खोडा, दोन माणसं

समजा चाळीस बाय साठ फुटाचा मुक्त गोठा आहे. दीड वर्षाच्या पंधरा कालवडी, एका कोपऱ्यात दहा फुटी गेट, गेटाबाहेर छोटं कुंपण केलेलं अंगण, तिथून पुढे एकेकीची गल्ली आणि गल्लीच्या टोकाला खोडा. ह्यांचं बुजायचं अंतर धरू आठ फूट.

जनावराला हात लावायच्या आधी गल्लीतून स्वतः चालत जायचं, शक्यतो वाकून, गाईच्या डोळ्याच्या उंचीवरून बघत. गेटाला अडकवलेली गोणी, लोंबणारी साखळी, वाऱ्यावर हलणारं प्लास्टिक, वाळत टाकलेला टॉवेल, बाजूला बांधलेला कुत्रा, हे सगळं बाजूला. खोड्याकडे तोंड केल्यावर सूर्य डोळ्यात येतोय का तेही बघा, येत असेल तर वेळ बदला. उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये गाई जायला बघत नाहीत, तिथं एक पत्रा काढून किंवा बल्ब लावून उजेड केला तरी निम्मं काम होतं, फक्त बल्ब त्यांच्या डोळ्यावर नको. आणि डॉक्टरांना, बघ्यांना, शेजाऱ्यांना खोड्याच्या पुढच्या बाजूने हलवा. समोर चार माणसं उभी असताना गाय त्यांच्याकडे चालत जाणार नाही, कितीही मारा.

गल्लीची रुंदी बघा. ह्या वयाच्या कालवडींना साधारण दोन फूट, पूर्ण वाढलेल्या गाईला सव्वादोन ते अडीच. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ‘ऐसपैस असू दे’ म्हणून तीन-साडेतीन फूट केलेली असते आणि मग जनावर आत गेल्यावर वळून उलटं तोंड करतं, किंवा दोघी एकमेकींत अडकतात.

आता गोठ्यात शिरा, एकच माणूस. लगेच गेटाच्या दिशेने ढकलायचं नाही. आधी कालवडींपासून लांब, पंधरा-वीस फुटांवर, ह्या बाजूकडून त्या बाजूला आडवं चालायचं, नंतर परत. त्यांच्या दिशेने सरळ जायचं नाही, गोल प्रदक्षिणाही घालायची नाही, गोल फिरलात की तुम्ही कुठल्यातरी कालवडीच्या खांद्याच्या पुढे जाताच. दोन-तीन फेऱ्यांत त्या माना वर करतात आणि सैलसर एकत्र येतात. कोपऱ्यात गच्च होत असतील तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा.

त्या एकत्र आल्या की तीच आडवी फेरी थोडी थोडी जवळ आणायची, आठ फुटांच्या काठापर्यंत, गेटाच्या विरुद्ध बाजूने. पुढच्या दोघी गेटाकडे वळल्या की थांबा. खरंच थांबा, हात खिशात घातलेत तरी चालेल. सगळ्यात पुढची कालवड गेटाशी जाऊन उभी राहील, उंबऱ्याचं सिमेंट हुंगेल. ह्या वेळी सगळ्यांचे हात शिवशिवतात, मागून एक टपली द्यावीशी वाटते. द्यायची नाही. ती हुंगून झाल्यावर एक पाय टाकेल, मग दुसरा, आणि तिच्या मागे बाकीच्या येतील.

बाहेरच्या अंगणात पंधराही एकदम घ्यायच्या नाहीत. जागा जितकी आहे त्याच्या निम्मी भरायची, म्हणजे दहा-बारा कालवडी मावत असतील तर पाच-सहाच. ठासून भरल्यावर त्यांना वळायला जागा राहत नाही, आणि गल्लीचं तोंड कुठं आहे ते मागच्यांना दिसत नाही. इथं दुसरा माणूस गेटाशी, बाजूला उभा राहतो आणि मोजून आत सोडतो. एक पाऊल पुढे टाकलं की येणारी थांबते, मागे सरलं की पुढची येते, गेट तोंडावर आदळायची गरज नसते.

गल्लीत पहिली गेली की बाहेरून ती उलट चालण्याची युक्ती. एखादी थांबली तर आधी तिच्यापुढे काय आहे ते बघा, पुढचीच थांबलेली असेल तर हिला ढकलून उपयोग नाही. गल्लीवर वाकून वरून बघायचं नाही. वरून माणूस आला की जनावर पाठीमागच्या पायांवर उभं राहायला बघतं, आणि ते बघून माणसं अजून वाकतात आणि डोक्यावर मारतात. दोन पावलं मागं सरा, बहुतेक वेळा ती लगेच खाली येते.

जमतंय की बिघडतंय हे गाईच्याच अंगावर लिहिलेलं असतं. चालताना डोकं खाली-सरळ, कान मोकळे, चालण्याच्या वेगाने जातायत, शेपटी नुसती लोंबतेय तर ठीक. डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, शेपटी जोरात झाडायला लागली, सारखं पातळ शेण पडतंय, हंबरणं वाढलं, तर थांबा आणि बाहेर या.

“डॉक्टरांना घाई असते, एवढा वेळ कुठून आणायचा?”

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. पण हिशोब करून बघा. एकदा बिथरलेल्या जनावराच्या हृदयाचे ठोके मूळ जागी यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत आरडाओरडा करून गोंधळ घातलात तर पुढचा अर्धा तास तुम्ही घाबरलेल्या कळपाशी झगडणार. तेव्हा खरं शहाणपण म्हणजे सगळ्यांनी बाहेर यायचं, चहा प्यायचा आणि अर्ध्या तासाने परत सुरू करायचं. त्यापेक्षा डॉक्टर यायच्या तासभर आधी कालवडी शांतपणे अंगणात आणून ठेवलेल्या केव्हाही बऱ्या, पाणी-सावली असेल अशा बेताने.

दुधाच्या गाईंचं तर अजून स्पष्ट आहे. पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि भीतीमुळे रक्तात येणारं अॅड्रिनॅलिन त्याचं काम अडवतं. दूध काढायच्या पार्लरकडे मारत आणलेली गाय दूध चोरते असं आपण म्हणतो, ती चोरत नसते, तिच्या सडात ते उतरतच नाही.

“मग काठी हातात धरायचीच नाही का?”

धरा, पण मारायला नाही. हात लांब करायला, दिशा दाखवायला काठी चांगली, टोकाला रंगीत कापडाची पट्टी बांधली तर अजून चांगली. ती खांद्याच्या मागे दिसली की पुढे, डोळ्याच्या बाजूला दिसली की वळण. पराणी, तारेचा चाबूक, शेपटी पिरगाळणं ह्यांची गरज पडतेय असं वाटलं तर बहुतेक वेळा माणूस चुकीच्या जागी उभा असतो किंवा पुढे काहीतरी गाईला अडवत असतं. शेपटीचं हाड पिरगाळून मोडतं हेही सांगून ठेवतो, मोडक्या शेपटीच्या गाई बघितल्या असतील तुम्ही.

“आमच्या गाई दावणीच्या, हाकलल्या तरी हलत नाहीत”

बरोबर, कारण त्यांचं बुजायचं अंतर शून्य आहे, त्यांच्यावर हे चालणारच नाही. तुम्ही मागे उभे राहिलात तर ती मान वळवून बघेल की आज खायला काय आणलंय. अशा गाईला पुढून न्यायचं. म्होरकीचा कासरा सैल धरून, पेंडीचं घमेलं दाखवत, तुमच्या ओळखीच्या हाकेने. कासरा सतत ताणून धरला तर ती मागे ओढणार, एक झटका नाही तर हलका ताण आणि तिने पाऊल टाकलं की लगेच ढील, इथंही नियम तोच. मुक्त गोठ्यात अशी एक माणसाळलेली गाय ठेवली तर तिच्या मागे कालवडी खोड्यापर्यंत येतात, हा माझ्या मते सर्वात स्वस्त उपाय आहे.

कुठं हे वापरायचं नाही

बुजायच्या अंतराची सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे जनावराला तुमच्यापासून लांब जायचंय. ज्याला लांब जायचं नाही त्याच्यासमोर ही युक्ती म्हणजे जिवाशी खेळ आहे.

नुकती व्यालेली गाय, वासरू जवळ असताना, पळत नाही, अंगावर येते. तिच्या आणि वासराच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही, रोजची कितीही गरीब गाय असू दे. आणि वळू. दीड-दोन वर्षांच्या पुढचा वळू, त्यातही दुधाच्या जातीचा, लहानपणापासून बाटलीवर एकटा वाढवलेला, हा माणसाला घाबरत नाही, तो माणसाला बरोबरीचा वळू समजतो. तो आधी आडवा उभा राहून अंग दाखवतो, मान खाली, पाठ कमानीसारखी, खूर घासून माती उकरतो, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. हे दिसलं की काम बंद. पाठ दाखवून पळायचं नाही, त्याच्यावर नजर ठेवून तिरकं तिरकं मागे सरत बाहेर पडायचं.

बाहेर पडायला वाट मात्र आधीपासून हवी. नवीन गोठा बांधताना किंवा पाइपचं कुंपण करताना दर कोपऱ्याजवळ चौदा ते सोळा इंचाची उभी फट सोडून द्या, माणूस आडवा होऊन निसटतो, मोठं जनावर येत नाही. लहान वासरं त्यातून जातात, म्हणून वासरांच्या कप्प्यात ती नको. खर्च काहीच नाही, उलट पाइप वाचतो.

कालवडींना आधी सवय लावणं

गाय जागा लक्षात ठेवते. ज्या गल्लीत पहिल्यांदा गेल्यावर कानाला बिल्ला टोचला गेला, त्या गल्लीकडे पुढच्या वेळी तिला न्यायला जास्त ताकद लागणार. म्हणून नवीन खोडा बांधला की लगेच लस नको. आधीचे काही दिवस गल्लीची दोन्ही टोकं उघडी ठेवायची आणि पलीकडे गव्हाणीत चारा किंवा मूठभर पेंड टाकायची. त्या आपापल्या वेळेने आत जातील, हुंगतील, दुसऱ्या बाजूने निघतील. मग एके दिवशी तुम्ही त्याच आडव्या फेऱ्या मारून, दाब देऊन-सोडून त्यांना तिथून चालवा, काही न टोचता, आणि पलीकडे तीच पेंड. त्यानंतर खोड्यात एकेकीला अर्धा मिनिट अडकवून नुसतं सोडून द्या. हे चार-सहा महिन्यांच्या कालवडींवर करायला घ्या, तीनशे किलोची झाल्यावर नाही. आणि लसीच्या दिवशी टोचून झाल्यावर खोड्याचं पुढचं दार सावकाश उघडा, ती चालत बाहेर पडेपर्यंत थांबा, मगच पुढची घ्या, कारण एक उधळत बाहेर गेली की मागच्या सगळ्या ते बघत असतात.